एकच तास, तीस तऱ्हेची मुलं: यूडीएल वापरून टाचण कसं करायचं (इयत्ता पाचवी, अपूर्णांक)

ट्रेनिंगमध्ये यूडीएलची स्लाइड तुम्ही पाहिली असेलच, हिरवा जांभळा निळा असे तीन रकाने, प्रत्येकात बारीक अक्षरात खूप काही लिहिलेलं, वर मोठ्या अक्षरात "युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग", आणि मग चहाची सुट्टी. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलं की प्रश्न तसाच्या तसा उभा असतो, उद्या पाचवीला गणिताचा तास घ्यायचाय, वर्गात एकीला जवळजवळ दिसत नाही, एकाच्या कानाला मशीन आहे, तीन मुलं तांड्यावरून येतात आणि त्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत, दोघं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेत ते हंगाम संपल्यावर कधीतरी परत येणार, एक जण पाच मिनिटं एका जागी बसत नाही, आणि दोघींना हे सगळं आधीच येतंय. तर टाचणात नेमकं लिहायचं काय?

मी हे एका धड्यावर करून दाखवते, कारण नुसती तत्त्वं वाचून मलाही काही कळलं नव्हतं. धडा घेतलाय अपूर्णांकांची तुलना, तीही फक्त अंश १ असलेल्यांची: १/३ मोठा की १/४? ज्यांनी पाचवीला शिकवलंय त्यांना माहितीये इथे निम्मा वर्ग छातीठोकपणे "१/४" म्हणतो, कारण तीनापेक्षा चार मोठे.

आधी दोन ओळीत पार्श्वभूमी, मग कामाला लागू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८४ साली कास्ट नावाची संस्था सुरू झाली, ॲन मेयर, डेव्हिड रोझ वगैरे मंडळींची. सुरुवातीला ते अपंग मुलांना कॉम्प्युटरच्या मदतीने पुस्तकं कशी वाचता येतील ह्यावर काम करत होते, आणि करता करता त्यांच्या लक्षात आलं की दरवेळी मुलालाच दुरुस्त करत बसण्यापेक्षा पाठाची आखणीच बदलायला हवी. नावातलं "युनिव्हर्सल डिझाइन" आर्किटेक्चरमधून आलंय, जिना बांधून झाल्यावर बाजूला रॅम्प चिकटवण्यापेक्षा नकाशातच सगळ्यांना येता येईल असं दार काढायचं. त्यांच्या मार्गदर्शक सूचना २००८ मध्ये आल्या, आता २०२४ पासून ३.० ही आवृत्ती चालू आहे. तीन रकाने म्हणजे तीन प्रश्न समजा: मूल ह्यात उतरेल का आणि टिकेल का (हिरवा), त्याच्यापर्यंत माहिती पोचेल का (जांभळा), आणि त्याला कळलेलं ते बाहेर दाखवू शकेल का (निळा). बाकी बारीक अक्षरं पाठ करायची गरज नाही, लागेल तेव्हा उघडून बघायची.

## काय काय लागेल

- ए४ कागद, दोन मुलांमागे एक. म्हणजे तीस मुलांना पंधरा, वर दोनतीन जास्तीचे
- पट्टी, कात्री, जाड काळं स्केचपेन
- फेविकॉल आणि थोडा जाड दोरा किंवा सुतळी
- जुन्या लग्नपत्रिका किंवा बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा
- वर्गाची यादी आणि प्रत्येकापुढे तुम्हाला माहीत असलेली एक एक गोष्ट (निदान नको, "फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो" इतकं साधं पुरे)
- पाठ्यपुस्तक. तुमच्याकडे मोबाइल आणि नेट धड असेल तर पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षावर धड्याचं काही मिळतंय का ते आधी बघून ठेवा, नसेल तर अडत नाही

टॅब नाही, प्रोजेक्टर नाही, स्मार्ट बोर्ड नाही. यूडीएल म्हटलं की टेक्नॉलॉजी हवीच असं बऱ्याच जणांना वाटतं आणि तिथेच ते सोडून देतात.

## पायरी १: उद्दिष्ट लिहा आणि त्यातून साधन काढून टाका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खरं सांगायचं तर ही पायरी नीट झाली की अर्धं टाचण झालं.

आपल्या टाचणात सहसा काय असतं? "विद्यार्थी अपूर्णांकांची तुलना करून वहीत उदाहरणे सोडवतील." आता ह्या वाक्यात दोन गोष्टी एकत्र शिवलेल्या आहेत. एक, तुलना करणं, जे शिकवायचंय. दोन, वहीत सोडवणं, जे फक्त दाखवायचं साधन आहे. ज्याला लिहायला त्रास होतो तो मुलगा दुसऱ्या अर्ध्यात नापास होतो आणि आपण नोंद करतो की त्याला पहिलं अर्धं आलं नाही.

म्हणून असं लिहा: "अंश १ असलेल्या दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता हे मूल ओळखेल आणि त्याचं कारण पोचवेल." पोचवेल, म्हणजे बोलून, दाखवून, काढून, लिहून, कसंही. आणि कारण म्हणजे काय तेही आत्ताच लिहून ठेवा, नंतर गोंधळ होतो. माझ्या मते ह्या धड्यात कारणाचे दोन तुकडे आहेत: पूर्ण वस्तू दोन्हीकडे सारखीच होती, आणि तिचे जास्त भाग केले की एकेक भाग लहान होतो.

पण इथे एक फाटा आहे, जपून. साधन प्रत्येक वेळी काढून टाकता येत नाही. उद्दिष्टच "परिच्छेद वाचता येणं" असेल तर तो मुलाला वाचून दाखवला की धडाच संपला. उद्दिष्ट "अपूर्णांक अंकात लिहिता येणं" असेल तर तोंडी उत्तर चालणार नाही. तेव्हा प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचं की ही गोष्ट मला आज शिकवायचीये, की शिकवण्याच्या वाटेवर ती फक्त आडवी येतेय? आज शिकवायची असेल तर ती कुणालाही माफ नाही. आडवी येत असेल तर ती बाजूला करायला मोकळे व्हा.

आणि उद्दिष्ट सगळ्यांना एकच. "हुशार मुलांना तुलना, बाकीच्यांना रंग भरा" हे यूडीएल नाही. रंग भरणाऱ्या मुलाला तुलना शिकायची संधीच मिळाली नाही, आणि हे आपल्याकडे सर्रास चालतं कारण मूल शांत बसतं आणि वही भरलेली दिसते.

## पायरी २: नेहमीचा तास डोळ्यासमोर आणा आणि कुठे कोण अडतं ते लिहा

मुलांची यादी घेऊन "ह्याला काय प्रॉब्लेम, तिला काय प्रॉब्लेम" असं करत बसू नका. उलटं करा. तुमचा नेहमीचा तास जसा होतो तसा पहिल्या मिनिटापासून डोळ्यासमोरून जाऊ द्या आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, इथे कोण बाहेर पडतं?

मी फळ्याकडे तोंड करून गोल काढते आणि बोलत राहते. मशीनवाला मुलगा इथेच गेला, कारण मशीन असलं तरी तो ओठ आणि चेहरा बघून बरंच समजून घेतो आणि माझी पाठ त्याच्याकडे आहे. कमी दिसणारी मुलगी पण गेली, पांढऱ्या खडूच्या बारीक रेघा.

मग मी म्हणते "एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश". तांड्यावरची मुलं गेली, आणि खरं तर घरी मराठी बोलणारी पण निम्मी गेली, कारण तृतीयांश चतुर्थांश कोण घरात बोलतं?

मग सांगते, वहीत गोल काढा आणि तीन सारखे भाग करा. इथे अख्खा वर्ग गेला. गोलाचे तीन सारखे भाग हाताने करणं मोठ्यांना जमत नाही. मुलांचे भाग वेडेवाकडे होतात, मग एखाद्याचा १/४ चा तुकडा १/३ च्या तुकड्यापेक्षा खरोखरच मोठा दिसतो आणि त्याचं चुकीचं उत्तर त्याच्याच चित्राने पक्कं होतं! पिझ्झाची, केकची चित्रं दिसायला छान, पण ह्या धड्याला गोल हे वाईट साधन आहे.

मग मी विचारते, "सांगा, कोण सांगणार?" तेच चार हात वर. पाचव्या सेकंदाला कुणीतरी उत्तर ओरडतं आणि बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. ज्यांना गणिताची भीती वाटते ते तर हात वर करण्याच्या खेळात कधीच नसतात.

शेवटी पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण वाचून सोडवा. ज्यांना वाचायला जड जातं ते इथे अडकले, गणितात नाही, वाचनात.

ही यादी करून झाली की एक गंमत दिसते, अडणारी मुलं फक्त "विशेष गरजा असणारी" नसतात. तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद केलं की मागच्या बाकावरच्या सगळ्यांना ऐकू येतं. म्हणूनच अडथळा धड्यात शोधायचा, मुलात नाही.

## पायरी ३: एकच साहित्य असं निवडा जे बऱ्याच अडथळ्यांना पुरून उरेल

नवीन माणूस इथे हमखास फसतो. त्याला वाटतं सात प्रकारची मुलं म्हणजे सात वर्कशीट. एक आठवडा रात्री जागून करतो आणि मग "हे प्रॅक्टिकल नाही" म्हणून सोडून देतो, आणि त्याचं बरोबरच आहे, सात वर्कशीट प्रॅक्टिकल नाहीतच. एकच साहित्य शोधा जे बघता येतं, हाताने चाचपता येतं, हलवता येतं आणि ज्याला वाचावं लागत नाही.

अपूर्णांकाला ते आहे कागदाची पट्टी. आणि लांबी घ्यायची २४ सेंटीमीटर. का? २४ ला २, ३, ४, ६, ८ ह्या सगळ्यांनी भाग जातो. अर्धा १२, तिसरा भाग ८, चौथा ६, सहावा ४, आठवा ३ सेंटीमीटर, कुठेही दशांश नाही. ए४ कागद २१ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे ३ सेंटीमीटर रुंदीच्या बरोबर सात पट्ट्या निघतात, लांबी २४ वर कापून टाकायची. सहा पट्ट्या वापरायच्या (एक अख्खी, मग २, ३, ४, ६, ८ भागांच्या) आणि एक फाटली तर म्हणून. एका जोडीला एक कागद.

आता ह्यात सोयी कशा बसवायच्या ते बघा:

निम्म्या जोड्यांना कोऱ्या पट्ट्या द्या, ते घड्या घालून भाग करतील. निम्म्यांना आधीच रेघा मारलेल्या. कोणाला कुठल्या हे तुम्ही ठरवू नका, दोन ढीग टेबलावर ठेवा आणि जोडीला उचलू द्या. तिनाची घडी घालायला हात बसलेला लागतो आणि घडी घालणं हे आपलं उद्दिष्ट नाहीये, म्हणून रेघा असलेली पट्टी घेणं म्हणजे कॉपी नव्हे. उलट दोन आणि चारची घडी सगळ्यांनाच जमते, त्यातून सुरुवात करा.

रेघा जाड काळ्या स्केचपेनने. दोनतीन संच पुठ्ठ्याचे करा, रेघेच्या जागी फेविकॉलने दोरा चिकटवा आणि कडेला कात्रीने छोटी खाच मारा. हा संच न दिसणाऱ्या मुलीसाठी लागतोच, पण तो इतरांमध्येही फिरू द्या, डोळे मिटून "किती भाग आहेत ओळख" हा खेळ मुलांना भारी आवडतो, आणि ज्यांचं लक्ष उडतं त्यांचं हाताने चाचपताना टिकतं हे तुमच्या लक्षात येईल. दोरा आदल्या दिवशीच चिकटवा, ओला राहिला तर पट्ट्या एकमेकांना चिकटून बसतात.

सगळ्यात मोठा धोका: अख्खी पट्टी सारखी असणं. एखादी पट्टी २३ ची कापली गेली की सगळं कोसळतं. म्हणून एक अख्खी पट्टी नेहमी खाली ठेवायची आणि बाकीच्या तिच्या डाव्या कडेला टेकवायच्या. डावी कड जुळवा, डावी कड जुळवा, हे त्या तासात दहा वेळा म्हणावं लागेल. पुठ्ठ्याचा काटकोनी तुकडा टेबलाला चिकटवून दिला तर न दिसणाऱ्या मुलीलाही आणि घाईगडबड करणाऱ्यालाही कड आपोआप जुळते.

## पायरी ४: तास मिनिटांत मांडा

तास ३५ मिनिटांचा धरते.

पहिली ५ मिनिटं, अंदाज. फळ्यावर मोठ्या अक्षरात आजच्या चार गोष्टी लिहा आणि बाजूला छोटं चित्र काढा: अंदाज, पट्ट्या, गप्पा, उत्तर. प्रत्येक झालं की पुसायचं. ज्यांना पुढे काय होणार हे माहीत नसलं की अस्वस्थ व्हायला होतं त्यांना हे फार लागतं. मग किराणा दुकान: अर्धा किलो साखर जास्त की पाव किलो? हे सगळ्यांना येतं. पाव म्हणजे चार भागांतला एक, अर्धा म्हणजे दोनातला एक, तरी पाव कमी. का बरं? उत्तर घेऊ नका, लटकत ठेवा. मग १/३ आणि १/४ फळ्यावर, आणि प्रत्येकाने अंदाज चिठ्ठीवर लिहायचा किंवा शेजाऱ्याच्या कानात सांगायचा किंवा बोटं दाखवायची, तीन बोटं म्हणजे १/३, चार म्हणजे १/४. हात वर करायचा नाही. अंदाज चुकला तर काही होत नाही हे मोठ्याने सांगा, कारण निम्म्यांचा चुकणारच आहे.

पुढची १२ मिनिटं, पट्ट्या. जोडीने. सूचना एका वेळी एकच द्या, तोंड मुलांकडे करून, आणि करून दाखवा. "तिसरी पट्टी घ्या, तीन भागांपैकी एक कापा. चौथी घ्या, चार भागांपैकी एक कापा. दोन्ही अख्ख्या पट्टीवर डाव्या कडेला लावा." शब्द असे वापरा: "तीन भागांतला एक", "चार भागांतला एक". एक तृतीयांश हा शब्द फळ्यावर १/३ च्या शेजारी, पट्टीच्या चित्रासकट लिहून ठेवा, पण बोलताना आधी भागांतला एक आणि मग तृतीयांश. तांड्यावरच्या मुलांना जोडीत आपापसात आपल्या बोलीत बोलू द्या. "मराठीत बोला" म्हणून टोकलं की ते बोलणंच थांबवतात आणि आपल्याला त्यांचं गणित ऐकायचंय. छेद आणि अंश हे शब्द मात्र सगळ्यांना यायला हवेत, ते कार्डावर पट्टीच्या चित्रावर बाण काढून भिंतीला लावा.

मग ६ मिनिटं गप्पा. आता प्रश्न "कोण मोठं" हा नाही, ते सगळ्यांना दिसलंय. प्रश्न आहे "असं का?" दहा सेकंद थांबा. मनातल्या मनात खरंच दहा मोजा, पहिल्यांदा जीव जातो. मग शेजाऱ्याला सांगा, मग दोनतीन जोड्यांना विचारा, आणि हुशार चौघांना शेवटी.

४ मिनिटं, १/५. हा माझा आवडता भाग आणि धड्याचा खरा कस. १/५ ची पट्टी आपण मुद्दाम केलीच नाही, २४ ला पाचाने भाग जात नाही. १/५ चा तुकडा कुठे बसेल? १/४ पेक्षा लहान आणि १/६ पेक्षा मोठा, असं पट्टी न बघता जो सांगतो त्याला कल्पना आली. जो अजून "१/४ पेक्षा मोठा" म्हणतो त्याने आत्तापर्यंत फक्त लांबी बघून उत्तरं दिली होती. नुसत्या पट्ट्या दाखवून तास संपवला तर हा फरक तुम्हाला कधीच कळत नाही, सगळे बरोबर उत्तर देतात आणि चाचणीत परत १/४ मोठा.

शेवटची ८ मिनिटं उत्तर, त्याची वेगळी पायरी करते.

आधीच येणाऱ्या दोघींचं काय? त्यांना "दुसऱ्यांना मदत करा" सांगून बसवू नका, त्यांनाही शिकायचा हक्क आहे. त्यांना ह्याच पट्ट्यांवर २/३ आणि ३/४ द्या. आत्ताच तयार झालेला नियम, छेद मोठा तर अपूर्णांक लहान, इथे फसतो: २/३ म्हणजे १६ सेंटीमीटर, ३/४ म्हणजे १८. नियम कुठे चालतो आणि कुठे मोडतो हे त्यांनी शोधायचं. हा प्रश्न भिंतीवर लावून ठेवा, ज्याला हवा तो उचलेल, कधीकधी तुम्हाला वाटलंही नव्हतं असं मूल उचलतं.

## पायरी ५: उत्तराचे तीन मार्ग, कसोटी एकच

प्रश्न सगळ्यांना एक: १/६ मोठा की १/८? कारण?

मार्ग तीनच ठेवा. लिहून किंवा चित्र काढून, पट्ट्या मांडून तुम्हाला दाखवून, किंवा तोंडी सांगून. दहा पर्याय दिले की मुलं पर्याय निवडण्यातच पाच मिनिटं घालवतात, आणि तुम्हीही सगळीकडे पुरत नाही. प्रश्न फळ्यावर असेल आणि तुम्ही दोनदा वाचूनही दाखवाल, म्हणजे वाचनामुळे कुणी अडणार नाही.

आता मुख्य अडचण, जी ट्रेनिंगमध्ये कोणी सांगत नाही: तीन मार्गांची उत्तरं एकाच मापाने कशी तपासायची? मी तीन खुणांची यादी ठेवते. बरोबर अपूर्णांक ओळखला, एक. अख्खी पट्टी सारखी आहे हे कुठेतरी आलं, दोन. भाग जास्त म्हणून भाग लहान हे आलं, तीन. आता पट्ट्या मांडणाऱ्या मुलाचं बघा. त्याने नुसता सहावा तुकडा उचलून दाखवला तर एकच खूण. त्याने दोन्ही तुकडे डावी कड जुळवून अख्ख्या पट्टीवर ठेवले तर दुसरी मिळाली. आणि मग सहा बोटं, आठ बोटं दाखवून "लहान" अशी खूण केली तर तिसरीही मिळाली, एक शब्द न बोलता. लिहिणाऱ्याने "१/६ मोठा कारण छेद लहान" इतकंच लिहिलं तर? नियम आला, कारण नाही आलं. त्याला विचारा, छेद लहान असला की काय होतं? लिहिलेलं उत्तर आपोआप वरचढ समजायची सवय आपल्याला आहे, ती इथे आड येते.

तोंडी सांगणारे पाचसहाच असतील तर तासातच होतात. जास्त असतील तर जोडीला जोडीसमोर सांगायला लावा आणि तुम्ही फिरत ऐका. सगळ्यांचं त्याच दिवशी ऐकून झालं पाहिजे असं काही नाही, राहिलेल्यांचं दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना ऐका. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत तोंडी काम आणि कृती ह्यांना जागा असतेच, त्यामुळे वेगळा फॉर्म करायची गरज नाही.

काही मुलं दरवेळी सोपा वाटतो तोच मार्ग निवडतात किंवा मित्राने निवडला तोच. त्यात वाईट काही नाही, पण महिन्यातून एकदोनदा "आज दुसरा मार्ग घेऊन बघ" असं सुचवा. आणि एक गैरसमज इथेच मोडून टाकते. हा मुलगा "बघून शिकणारा", ती "ऐकून शिकणारी" अशी लेबलं लावण्याचा आणि यूडीएलचा संबंध नाही. लर्निंग स्टाइलप्रमाणे शिकवल्याने मुलं जास्त शिकतात ह्याला धड पुरावा मिळालेला नाही. इथे मार्ग सगळ्यांना सगळे खुले असतात, आणि तेच मूल गणितात पट्टी निवडेल तर भाषेत तोंडी.

## पायरी ६: ह्यात जे बसत नाही ते वेगळं लिहा

ही पायरी गाळू नका. चांगली आखणी केली तरी काही मुलांना त्यांच्यापुरतं काहीतरी लागतंच. न दिसणाऱ्या मुलीला आकडेमोडीसाठी टेलर फ्रेम किंवा अबॅकस, ब्रेल येत असेल तर पट्टीवर ब्रेलचा आकडा. मशीनवाल्या मुलाच्या मशीनचा सेल चालू आहे का ते तासाच्या आधी बघणं, हे कुठल्याही तत्त्वापेक्षा जास्त कामाचं! सांकेतिक भाषा बोलणारं मूल असेल तर तुमच्या हावभावांनी ती जागा भरत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचं वैयक्तिक उद्दिष्ट वेगळं ठरलेलं असू शकतं, म्हणजे त्याच पट्ट्यांवर अर्धा आणि अख्खा इतकंच, आणि ते विशेष शिक्षकांशी आणि पालकांशी बोलून ठरलेलं असलं पाहिजे, तासाच्या मधे आपल्याला वाटलं म्हणून नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्येही ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, सगळ्यांसाठी केलेली आखणी एकीकडे आणि त्या त्या व्यक्तीला द्यायची वाजवी सोय दुसरीकडे. "आमच्याकडे यूडीएल आहे, आता लेखनिक कशाला" असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे. केंद्रावर किंवा तालुक्याला समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना टाचण आधी दाखवा, "मुलाला काय करू" असं विचारण्यापेक्षा "ह्या तासात ही मुलगी कुठे अडेल" असं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

आणि ऊसतोडीवरून परतणारे दोघं? त्यांच्यासाठी पट्ट्यांचा एक संच आणि फळ्यावरच्या चार गोष्टींचा कागद एका पाकिटात घालून ठेवा. आले की एखाद्या जोडीदाराबरोबर मधल्या वेळेत पट्ट्यांचा आणि १/५ चा भाग करून घेतील. तो तास त्यांच्यासाठी पुन्हा घ्यायला तुम्हाला कधीच वेळ मिळणार नाही हे धरूनच चाला.

## पायरी ७: टाचणात कसं लिहायचं आणि नंतर काय नोंदवायचं

ठरावीक नमुना असेल तर तोच ठेवा, वेगळा तक्ता जोडून केंद्रप्रमुखांना गोंधळात टाकू नका. उद्दिष्टाच्या रकान्यात पायरी १ चं वाक्य. साहित्यात पट्ट्या, दोऱ्याचा संच, शब्दकार्ड. कृतीत मिनिटं. मूल्यमापनात प्रश्न, तीन मार्ग आणि तीन खुणा. आणि समासात पेन्सिलने कुठे कोण अडतं ते, नावं नकोत, टाचण दहा जण बघतात.

तास झाल्यावर त्याच दिवशी तीन ओळी: कुठल्या पर्यायाला कोणी हात लावला नाही, १/५ ला किती जण अडले, आणि तुम्ही ठरवलेलं नव्हतं अशा कुठल्या ठिकाणी गाडी अडली. समजा १/५ ला बारा जण अडले. त्यात निम्म्याहून जास्त रेघा मारलेल्या पट्ट्या घेतलेले असतील तर त्यांनी भाग मोजलेच नसतील, तयार तुकडा उचलला असेल. मग पुढच्या तासाला रेघा असलेल्या पट्ट्या राहू द्या पण कापायच्या आधी "किती भाग, मोज" ही एक सूचना घाला. कोऱ्या पट्ट्यावाले जास्त अडले असतील तर घड्या वाकड्या झाल्यात का ते बघा. पर्याय काढून टाकायची घाई नको, आधी कुठल्या ठिकाणी निसटलं ते शोधा.

ह्या सगळ्याला पुरावा किती, असं स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारणारच. खरं उत्तर असं की यूडीएल ह्या अख्ख्या पॅकेजवर संशोधकांमध्ये वाद आहे, प्रत्येक जण ते वेगळ्या पद्धतीने राबवतो त्यामुळे मोजणं अवघड जातं, आणि टीका करणारेही आहेत. त्यातल्या सुट्या गोष्टी, म्हणजे हाताळायचं साहित्य नीट वापरणं, विचाराला वेळ देणं, शब्द आधी समजावणं, ह्यांना जास्त भक्कम आधार आहे. म्हणून तुमच्याकडे १/५ चा आकडा लिहिलेला असू द्या, तो तुमच्या वर्गाचा आहे.

सुरुवातीला आठवड्यात एकच तास असा आखा, सगळे नाही. पट्ट्यांचे संच रबर लावून खोक्यात ठेवा, सममूल्य अपूर्णांकाला हेच लागतात (१/२ वर २/४, ३/६, ४/८ बरोबर बसतात), बेरजेलाही लागतात. फक्त १/३ आणि १/४ चे कापलेले तुकडे हरवतात, ते प्रत्येक संचात नव्याने घालावे लागतील, तेव्हा जास्तीची सातवी पट्टी टाकून देऊ नका.